पिवळी लाईट लागलीय, मग गाडी किती लांब न्यायची?

दादा, गाडी पेट्रोल आहे, २०१८ ची, ७८ हजार किलोमीटर झालेत. इंजिनच्या चित्राची पिवळी लाईट तीन दिवस सतत लागून आहे, पण गाडी एकदम नॉर्मल चालते. काल पावसात एबीएसची लाईट पण आली, आणि गाडी बंद करून चालू केली तर गेली. शनिवारी पुण्याहून गुहागरला जायचंय, कुंभार्ली घाटातून, बायको, दोन मुलं आणि आई सोबत. सर्व्हिस सेंटरने पुढच्या बुधवारची तारीख दिलीय. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो बिनधास्त जा, सासरे म्हणतात गाडी हलवूच नका. नेमकं कोणती पिवळी लाईट असताना किती किलोमीटर चालवलेलं चालतं? – एक वाचक, पुणे

तुमचा मेकॅनिक आणि सासरे दोघंही फक्त रंग बघून बोलतायत, आणि रंगावरून एवढंच कळतं की लाल असेल तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, पिवळा असेल तर विचार करायला थोडा वेळ आहे. किलोमीटरचा आकडा मला रंगावरून सांगता येत नाही, त्यासाठी मी दोन गोष्टी बघतो. एक म्हणजे गाडी चालवत राहिल्याने आत काही खराब होत चाललंय का, आणि दुसरी म्हणजे जी सोय बंद पडलीय ती या रस्त्यावर लागणार आहे का. इंजिनची लाईट पहिल्यात येते, एबीएसची दुसऱ्यात, त्यामुळे तुमच्या दोन लाईटींची उत्तरं वेगळी आहेत, आणि खरं सांगायचं तर मला तुमच्या इंजिनच्या लाईटपेक्षा त्या येऊन गेलेल्या एबीएसची जास्त काळजी वाटतेय.

आधी इंजिनची बघू. ही लाईट सतत लागून असते किंवा ब्लिंक होते, आणि या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सतत लागलेली म्हणजे कंप्युटरला कुठल्यातरी सेन्सरचं किंवा धुराशी संबंधित कशाचं तरी रीडिंग पटलेलं नाही, आणि बहुतेक वेळा एकदा नाही तर लागोपाठ दोन ड्राईव्हमध्ये तेच दिसलं म्हणून त्याने लाईट लावली. ब्लिंक होणारी म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलिंडरमध्ये स्पार्क नीट पडत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरच्या लाईनमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतंय. तिथलं तापमान मग हजार डिग्रीच्या आसपास जातं, आतलं कोटिंग मरतं, आणखी वर गेलं की सिरॅमिकची जाळीच वितळायला लागते. म्हणजे एका इग्निशन कॉईलचं किंवा प्लगचं काम होतं ते कॅटॅलिटिक बदलण्यावर जातं, आणि तो पार्ट किती महाग आहे हे ज्याने बदललाय त्यालाच विचारा.

म्हणून ब्लिंक होत असेल तर जोर लावून एक किलोमीटरही जायचं नाही. पाय लगेच अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, एसी बंद करा, आणि लाईट ब्लिंक व्हायची थांबून स्थिर झाली आणि इंजिन थरथरत नसेल तर हळूहळू, चढ टाळून, जवळचं गॅरेज पाच-दहा किलोमीटरवर असेल तिथपर्यंत न्या. थरथर चालूच असेल तर टोईंगच बोलवा, त्यात कंजूषी नको.

तुमची स्थिर आहे आणि गाडी नॉर्मल आहे, पण यात एक मेख आहे. मिसफायर बऱ्याचदा लोड आल्यावरच दिसतो, सिटीत दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये आरामात फिरताना कळतही नाही, आणि पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर चढ असं झालं की गाडी झटके द्यायला लागते. तुमच्या रूटवर जाताना खंबाटकी चढायचाय, कुंभार्ली मात्र जाताना उतार आहे आणि येताना चढ आहे. म्हणजे इंजिनची खरी परीक्षा परतीच्या दिवशी आहे, जेव्हा तुम्ही गुहागरहून निघालेले असाल आणि सर्व्हिस सेंटर पुण्यात असेल.

लाईट लागली की कंप्युटर बिघाडाचा एक कोड साठवून ठेवतो, तर शनिवारच्या आधी तो कोड वाचून घ्या, बुधवारची वाट बघू नका. कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर असतो, दहा मिनिटांचं काम आहे, किंवा ऑनलाईन मिळणारं ब्लूटूथ ओबीडी डोंगल स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर बघता येतं. फक्त कोड वाचायचा, डिलीट करायचा नाही, आणि कोणी "बॅटरीची वायर काढून लावतो, लाईट जाईल" म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. कोडसोबत त्या क्षणाचा आरपीएम, तापमान, लोड असं सगळं साठवलेलं असतं आणि पुढच्या माणसाला फॉल्ट शोधायला तेच लागतं, ते पुसलं की सगळं पहिल्यापासून.

आता कोडवरून निर्णय कसा घ्यायचा ते सांगतो. समजा P0135 आला. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर गेलाय. इंजिन गार असताना थोडा वेळ अंदाजाने पेट्रोल सोडतं, मायलेज कमी पडतं, पण कशाला इजा होत नाही, गुहागरला जाऊन या आणि बुधवारी सेन्सर बदला, मी स्वतः गेलो असतो.

समजा P0302 आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. लाईट ब्लिंक होत नसली तरी जायचं नाही. पण म्हणून बुधवारपर्यंत बसायचंही कारण नाही, कारण शोधणं सोपं आहे: प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल तर दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायची आणि गाडी फिरवून आणायची, कोड P0303 झाला तर कॉईल खराब, P0302 च राहिला तर प्लग बघायचा, मग इंजेक्टर. चांगला मेकॅनिक हे तासाभरात करतो आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुमची गाडी तयार होऊ शकते.

समजा P0118 आला, कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरची लाईन. हा दिसायला किरकोळ आहे आणि सिटीत चालूनही जातो, पण घाटात नको, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये डॅशबोर्डवरचा काटा याच सेन्सरवर चालतो, आणि इंजिन खरंच तापलं तर तुम्हाला सांगणारंच कोणी नाही. सेन्सर स्वस्त असतो, बदलून मगच निघा.

आणि P0420 आला तर, म्हणजे कॅटॅलिटिक नीट काम करत नाही, एवढंच बघा की चढावर गाडीची ताकद कमी झालीय का. नसेल झाली तर जायला हरकत नाही. झाली असेल, म्हणजे पाय दाबला तरी गाडी ओढत नाही आणि आरपीएम वर जात नाही, तर आतली जाळी तुंबलेली असू शकते आणि ती घाटात गाडी बंद पाडेल.

कोड निरुपद्रवी निघाला तरी एक टेस्ट करून घ्या. एकटेच सकाळी लवकर दिवे घाटात जा, तिसऱ्या गियरमध्ये पाय चांगला दाबून चढवा. झटका नाही, लाईट ब्लिंक झाली नाही, तापमानाचा काटा मध्यावर राहिला, तर इंजिनच्या बाजूने मी तुम्हाला गुहागरपर्यंत जाऊन परत यायला मोकळा हात देतो.

एक जाता जाता. या लाईटवर नेटवर वाचाल की पेट्रोलचं झाकण घट्ट लावा, लाईट जाते. तो सल्ला मुख्यतः अमेरिकन नियमांच्या गाड्यांचा आहे, तिथे टाकीतून वाफ गळते का हे कंप्युटर तपासतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ती तपासणीच नाही. झाकण घट्ट करा, वाईट काही होणार नाही, पण त्यावर भरवसा ठेवून निघू नका.

आता एबीएस. ही लाईट लागली तर ब्रेक गेले असं नाही, पेडल दाबलं की ब्रेक नेहमीसारखे लागतात. गेलेली गोष्ट म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देण्याची सोय. चाक लॉक झालं की घसरतं, आणि पुढची चाकं घसरत असताना स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. कोरड्या रस्त्यावर, दिवसा, पन्नास-साठच्या स्पीडला, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवून तुम्ही शंभर किलोमीटर गेलात तरी कदाचित काहीच जाणवणार नाही. पण पावसात कुंभार्लीचा उतार, वळणावर अचानक समोर आलेला ट्रक, आणि गाडीत पाच माणसं, ही नेमकी ती जागा आहे जिथे एबीएस लागतं. म्हणून तुम्ही विचारलेला किलोमीटरचा आकडा इथे रस्ता आणि हवामान बघून ठरतो: हायवेला कोरड्यात साताऱ्यापर्यंत चालेल, ओल्या घाटाच्या उतारावर नाही.

पावसात येऊन गाडी बंद-चालू केल्यावर गेली याचा अर्थ फॉल्ट मिटला असा नाही. अशी येणारी-जाणारी एबीएस लाईट म्हणजे बहुतेकदा एखाद्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं कनेक्टर किंवा वायर, पाणी गेलं की सिग्नल तुटतो, वाळलं की परत येतो, आणि कोकणात पाऊस लागला की पुन्हा तुटणार. कुठल्या चाकाचा ते कोडमध्ये कळतं, पण इथे तुमचं स्वस्त डोंगल बहुधा उपयोगी नाही, ते इंजिनचे कोड वाचतं, एबीएसचे वाचायला गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो. त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही वाचून घ्या असं मी म्हणेन. मग चाक उचलून कनेक्टर बघणं, साफ करणं, सेन्सरच्या टोकावरचा लोखंडी भुगा पुसणं, हे काम मोठं नाही.

आणि यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एबीएसच्या पिवळ्या लाईटसोबत ब्रेकची लाल लाईट पण लागली, आणि हँडब्रेक सोडलेला आहे, तर पुढे जायचं नाही, अगदी कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत सुद्धा. एकतर ब्रेक ऑईल कमी झालंय, किंवा पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकची ताकद वाटून देणारी ईबीडी पण बंद पडलीय, आणि मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गोल फिरू शकते. बाजूला घेऊन बॉनेट उघडा, ब्रेक ऑईलची डबी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा, मिनच्या खाली असेल तर लीक शोधल्याशिवाय चालवायची नाही.

थोडक्यात शनिवारचं असं. इंजिनचा कोड निरुपद्रवी आणि एबीएसचं कनेक्टर साफ करून पावसात फिरवून बघितलं, लाईट आली नाही, तर निघा. इंजिन ठीक आहे पण एबीएसचं निदान झालं नाही, तर शनिवारचा अंदाज बघा, पाऊस असेल तर एसटीने चिपळूण गाठा आणि तिथून पुढे जा. आईंना बसचा त्रास होत असेल तर रविवारी जा, पण ओल्या घाटात त्या गाडीत कुटुंब घालून नको. घरून निघायच्या आधी किल्ली ऑन करून इंजिन चालू न करता डॅशबोर्डवर सगळ्या लाईटी लागतात का बघा, लागून मग जायला हव्यात. एबीएसची लागलीच नाही तर ती मिटलेली नाही, बल्ब गेलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय, सेकंडहँड गाड्यांमध्ये हे प्रकार होतात.

बाकी लाईटींचं थोडं थोडं सांगतो, कारण तुम्ही सगळ्याच विचारल्यात.

टायरची लाईट, म्हणजे घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह. ती लागली की पुढच्या पंपापर्यंत हळू जा, पण आधी थांबून चारी टायर डोळ्यांनी बघा, एखादा स्पष्ट बसलेला दिसला तर तिथेच स्टेपनी, कारण कमी हवेचा टायर स्पीडला बाजूने दुमडत राहतो आणि गरम होऊन फुटतो. हवा कमी दिसली तर भरा (आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो), आणि पंधरा किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, दोन-तीन पीएसआय कमी झाली म्हणजे पंक्चर आहे, तसंच पुढे न्यायचं नाही. मोजताना टायर तापलेला असतो आणि तापल्यावर आकडा थोडा जास्त दिसतो, त्यामुळे तेवढाच राहिला तरी हळूहळू कमी होत असू शकते, एकदा गार झाल्यावर पण मोजा. किल्ली फिरवल्यावर ही लाईट मिनिटभर ब्लिंक होऊन मग स्थिर झाली, तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ टायरमध्ये हवा आहे पण सेन्सरची बॅटरी किंवा सिस्टीमच गेलीय, हवा हाताने मोजा आणि चालवा.

डिझेलवाल्यांच्या दोन लाईटी वेगळ्या आहेत आणि दोन्हींचा सल्ला एकमेकांच्या उलट आहे म्हणून त्या मिसळू नका. डीपीएफची लाईट, म्हणजे धुराची जाळी काजळीने भरत आलीय, ती लागली की उलट गाडी चालवायची असते, हायवेला साठच्या वर, आरपीएम दोन हजारच्या पुढे, वीस-एक मिनिटं न थांबता, म्हणजे आत काजळी जळून जाते. मध्ये इंजिन बंद करू नका, आणि नंतर सुक्या गवतावर गाडी उभी करू नका, खाली प्रचंड उष्णता असते. मात्र तिच्यासोबत इंजिनची लाईट पण लागली किंवा गाडी ओढेनाशी झाली तर मग हे चालणार नाही, जवळच्या गॅरेजला. तरी चालवत राहिलात तर जाळी पुरती तुंबते, आणि अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात थोडं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर हाच प्रकार आहे, ऑईल बदलायचं.

दुसरी म्हणजे डिझेलमध्ये पाणी, फिल्टरचं चित्र आणि खाली पाण्याचे थेंब. पावसाळ्यात कुठल्यातरी आडबाजूच्या पंपावर टाकी भरल्यावर ही येते, आणि इथे वीस मिनिटं तर सोडाच, शक्यतो पुढे जाऊच नका, इंजिन बंद करा. आतला हायप्रेशर पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात, पाणी आलं की घासून जातात, आणि त्यांचा खर्च पाहिलात तर टोईंगचं बिल गोड वाटेल. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पाणी काढता येतं, स्वच्छ डिझेल येईपर्यंत, बऱ्याच गाड्यांमध्ये त्याची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. पाणी काढूनही लाईट परत आली तर टाकीतच पाणी आहे, तीच रिकामी करावी लागेल.

पेट्रोलच्या पंपाची लाईट, म्हणजे रिझर्व्ह, सगळ्यांना वाटतं सोपी आहे. साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर निघतात असं धरून चला, पण सपाट रस्त्याला आणि जास्त हिशोब न करता. घाटात टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंपाला हवा मिळते, शिवाय टाकीतला पंप त्याच पेट्रोलने गार होतो. कोयनानगरपासून चिपळूणपर्यंत त्या लाईटवर जुगार खेळायचा नाही, उंब्रज किंवा पाटणलाच भरून घ्या.

एअरबॅगची लाईट असेल तर गाडी जितकी न्यायची तितकी नेता येते, पण धडक झाली तर एअरबॅग कदाचित उघडणार नाही आणि सीटबेल्ट आवळणारी यंत्रणा पण नाही. काहींच्या सीटखालचं कनेक्टर सीट मागे-पुढे करताना सैल होतं, एवढंच असतं, तरी ते पिवळं कनेक्टर स्वतः ओढून बघू नका, बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत.

बुधवारी सर्व्हिस सेंटरला गेलात की अ‍ॅडव्हायजरला "लाईट लागली होती" एवढंच सांगू नका. कोडचा स्क्रीनशॉट, लाईट आली तेव्हा पाऊस होता की नाही, इंजिन गरम होतं की गार, आणि साधारण किती स्पीड होता हे जॉबकार्डवर लिहून घ्या. नाहीतर ते कोड पुसून "नो प्रॉब्लेम फाऊंड" लिहून गाडी धुऊन देतील, आणि पुढच्या पावसात एबीएस पुन्हा तिथेच.